प्रवाशाच्या इच्छेने

काचेला वर एक गोल भोक आणि खाली एक अर्धगोल फट. भोकातून आवाज जातो, फटीतून नोटा.

*

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतला माणूस आधी सगळी बटणं दाबतो, मग दार बडवतो, मग आरशात बघून केस नीट करतो. हे बहुतेक सगळेच करतात.

*

भेटीच्या खोलीत खाऊ आणू नये. फोन वापरू नये. मुलाला रडू आल्यास समुपदेशकांना कळवावे. खुर्च्या जागेवर ठेवाव्यात.

*

"पाय वाढतोय अजून. एक नंबर मोठाच घ्या," बुटांचा दुकानदार म्हणाला. "पुढे कापूस घालायचा. पुढच्या वर्षी कापूस काढायचा."

*

पुढच्या स्टेशनच्या अलीकडे मालगाडीचे चार डबे रुळांवरून उतरले. कोणालाही इजा झाली नाही.

*

हे सगळं एकाच माणसाचं आहे. तो लिफ्ट दुरुस्त करतो, म्हणून सगळे त्याला लिफ्टवाला म्हणतात. बायको वेगळी झाली, मुलीला घेऊन माहेरच्या शहरात गेली. कोर्टाने भेट ठरवून दिली: महिन्याच्या पहिल्या शनिवारी, सकाळी, त्या शहरातल्या कोर्टाच्या भेटीच्या खोलीत, दोन तास. शुक्रवारी संध्याकाळची गाडी पकडायची, रात्रभर बसायचं, सकाळी पोहोचायचं. पुरेशा कारणाशिवाय सलग तीन वेळा गैरहजर राहिल्यास भेटी थांबवण्यात येतील, असंही त्या हुकमात होतं.

पहिल्यांदा तो गेला नाही कारण हॉस्पिटलची लिफ्ट बंद पडली होती आणि मालकाने दुप्पट मजुरी कबूल केली. दुसऱ्यांदा तो गेला नाही कारण आदल्या दिवशी तो प्यायला होता. या दोन्हीबद्दल त्याला काही म्हणायचं नाही. विचारलं तर तो जसं झालं तसं सांगतो, आणि सांगताना समोरच्याच्या बुटांकडे बघतो.

ही गोष्ट तिसऱ्या वेळेची आहे.

शुक्रवार

स्टेशनवर तो लवकर पोहोचला. बॅगेत एक जोडी कपडे आणि बुटांचा खोका. तिकीट खिडकीवरून काढलेलं, रोख पैसे देऊन, आठवडाभर आधी. पगार सोमवारी होणार होता, त्यामुळे तिकिटानंतर खिशात जे राहिलं त्यात फक्त येता-जाताचा चहा बसत होता.

फलकावर त्याची गाडी आधी तासभर उशिरा होती. मग दोन तास. मग वेळेच्या जागी नुसत्या रेघा आल्या.

तो चौकशीला गेला. चौकशीची खिडकी बंद होती, म्हणून तो तिकिटांच्या खिडकीवर गेला. आत चष्मा कपाळावर चढवलेला एक क्लार्क होता. तो फोनवर बोलत होता, "हो साहेब, हो, कळलं, लेखी केव्हा येईल?" फोन ठेवून त्याने चष्मा खाली घेतला.

"कुठली?"

लिफ्टवाल्याने तिकीट दाखवलं.

"ही नाही जायची. पुढे मालगाडी घसरलीय."

"रद्द झाली?"

"झालीच समज. आत्ता स्टेशन मास्तरांचाच फोन होता." त्याने आवाज खाली आणला, पण आवाज माइकमधून बाहेर यायचा, त्यामुळे मागच्या दोघांनीही ऐकलं. "शहाणा असशील तर आत्ता तिकीट परत कर. एकदा घोषणा झाली की इथे मुंगीला शिरायला जागा उरणार नाही. तासभर रांगेत उभा राहशील. बसने जायचं ना? मग पळ."

बसनेच जायचं होतं. बसच्या भाड्याला पैसे नव्हते. तिकिटाचे पैसे हेच बसचे पैसे होते.

त्याने तिकीट फटीतून आत सरकवलं. क्लार्कने बटणं दाबली, एकदा थांबला, पुन्हा दाबली. पावती बाहेर आली आणि तिच्यावर नोटा.

"कापले का यातून?"

"नियमाने कापले जातात. चल, पुढचा."

पावतीवर शेवटच्या ओळीत छापलं होतं: रद्द करण्याचे कारण – प्रवाशाच्या इच्छेने.

ते त्याने वाचलं नाही. तो पळत होता.

बसस्टँडवर त्याच्याआधी शंभरेक माणसं पोहोचली होती. त्यांनाही कोणीतरी शहाणपण शिकवलेलं असणार. शेवटची सरकारी बस त्याच्या डोळ्यांदेखत भरली, दारात लोंबकळणाऱ्यांना कंडक्टरने हाताने सोडवलं. खाजगी बसवाल्याने तिप्पट मागितले. खिशातले सगळे पैसे दाखवल्यावर तो हसून म्हणाला, "एवढ्यात टपावरही नाही रे दादा."

त्याने मुलीच्या आईला फोन लावला. तिने त्याचा नंबर ब्लॉक केलेला होता. त्याच्या वकीलबाईंचा फोन वाजत राहिला. तो पुन्हा स्टेशनवर आला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. तोवर घोषणा झाली होती. खिडकीसमोर रांग बाहेरच्या पायऱ्यांपर्यंत गेली होती आणि लोकांना तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळत होते, एक पैसाही न कापता.

बुटांचा खोका घेऊन तो रांगेच्या कडेला उभा राहिला. एक बाई म्हणाली, "भाऊ, मध्ये घुसू नका हं."

वकीलबाई काय म्हणाल्या

"पावती दाखवा."

"ही."

"अरे देवा."

"काय झालं?"

"वाचा ना शेवटची ओळ. प्रवाशाच्या इच्छेने. म्हणजे तुमच्या इच्छेने. तुमच्या बायकोचा वकील काय म्हणेल माहितीये? म्हणेल, गाडी रद्द झाली हे खरं, साहेब, पण यांनी त्याच्या आधीच तिकीट परत केलं. पैसे घेतले आणि घरी गेले. गाडी धावली असती तरी हे आले नसते. आधीचे दोन महिने बघा."

"पण गाडी जाणारच नव्हती! क्लार्कनेच सांगितलं."

"तोंडी."

"माइकवर सांगितलं."

वकीलबाईंना हसू आलं, आणि ते त्यांनी रुमालात घेतलं. "हे बघा. कोर्टाची पुढची तारीख सव्वा महिन्यावर आहे, तोवर भेटी तात्पुरत्या बंद. रेल्वेच्या रिफंड ऑफिसला दावा लावा. गाडी रद्द झाली असताना कापून घेतलेली रक्कम परत मागा. रक्कम गेली खड्ड्यात. त्यांनी पैसे दिले की आदेशात कारण लिहावं लागतं. गाडी रद्द झाल्यामुळे तिकीट रद्द, एवढं त्यांच्या शिक्क्यानिशी आणा. मग मी बघते समोरच्या वकिलाकडे."

"आणि नाही आणलं तर?"

वकीलबाईंनी पुढची फाईल ओढली.

ताई अर्ज लिहिते

ताई त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं होती. तिने आयुष्यात हजारभर अर्ज तरी लिहिले असतील, पैकी स्वतःसाठी एक, आणि तो नामंजूर झाला. बायको गेल्यापासून तो तिच्याकडेच राहतो. ती त्याला जेवायला वाढते आणि वाढताना बोलते.

"बस इथे. हात धुऊन ये आधी, ग्रीसचे डाग पडतील. हं. विषय काय लिहू?"

"लिही, रेल्वेने माझी वाट लावली."

"गधड्या, विषय एका ओळीचा असतो. रद्द झालेल्या गाडीच्या तिकिटातून कापलेली रक्कम परत मिळण्याबाबत. आता सांग."

"सांग की मी बॅग घेऊन गेलो होतो. बूट घेतले होते."

"बूट नकोत."

"का नको?"

"अर्जात बूट लिहीत नाहीत."

"आणि क्लार्कने सांगितलं ते?"

"ते लिहिते. उपरोक्त खिडकीवरील कर्मचाऱ्यांनी गाडी रद्द झाल्याचे सांगितल्यामुळे मी तिकीट परत केले. असं."

"आणि लिही, मला पैसे नकोत, फक्त कारण बदलून द्या."

ताईने पेन खाली ठेवलं. "पैसे नकोत असं लिहिलंस तर तो अर्ज त्या टेबलावर राहणारच नाही. तिथे पैशांचीच कामं होतात. पैसे मागायचे, कारण आपोआप येतं."

तिने शेवटचा परिच्छेद न विचारताच लिहिला. हात आपोआप चालत होता, जसा तीस वर्षं चालला. फी माफीचे, बदलीचे, रजेचे, दाखल्यांचे सगळे अर्ज त्याच ओळींनी संपायचे: *तरी माझ्या परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून, विशेष बाब म्हणून, माझी विनंती मान्य व्हावी ही नम्र विनंती.*

"दोनदा विनंती आलंय," तो म्हणाला.

"येऊ दे. कोण वाचतंय शेवटचं."

त्याने सही केली. पावतीची झेरॉक्स जोडली. मूळ पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ताईने गादीखाली ठेवली.

रिफंड ऑफिस

तिसरा मजला. लिफ्ट बंद. त्याने सवयीने दाराच्या फटीतून आत पाहिलं. दोर ठीक होता, दाराचा खटका बसत नव्हता. अर्ध्या तासाचं काम. तो जिन्याने गेला.

ऑफिसात पंखे हळू फिरत होते, कारण जोरात फिरले की कागद उडायचे. प्रत्येक गठ्ठ्यावर काहीतरी वजन होतं: दगड, कुलूप, एका ठिकाणी इस्त्री. खिडकीशेजारच्या टेबलावर मॅडम बसल्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. दावे त्यांच्याकडेच यायचे.

त्या चांगल्या होत्या. हे लिहून ठेवायला हवं, कारण पुढे जे झालं ते त्यांच्या चांगुलपणातूनच झालं.

"बसा. पाणी घ्या. जिन्याने दम लागतो सगळ्यांना." त्यांनी अर्ज उघडला, पावती पाहिली. "हं. तुमचं घोडं कुठे अडलंय ते सांगते. गाडी आम्ही रद्द केली की पूर्ण पैसे. पण गाडी रद्द झाली हे आधी यंत्रणेत चढावं लागतं. कंट्रोल रूम ठरवते, मग संदेश निघतो, मग तो संगणकात भरतात. भरला की मग खिडकीवरच्या माणसाला 'गाडी रद्द' हे कारण निवडता येतं. त्याआधी त्याच्या पडद्यावर ते कारणच उमटत नाही. तुमचं तिकीट रद्द झालं तेव्हा गाडी यंत्रणेत चालू होती."

"चालू म्हणजे? ती तर यार्डातच उभी होती."

"यंत्रणेत चालू."

"पण तुमच्याच माणसाला माहीत होतं ना की ती जाणार नाही."

"तोच मुद्दा आहे. त्याला माहीत असेल तर त्याने तुम्हाला थांबायला सांगायला हवं होतं. ते न सांगता त्याने सामान्य नियमाने तिकीट रद्द केलं असेल, तर ती त्याची चूक. आणि माहीत नसेल तर मग तुम्ही आपणहून रद्द केलंत. मी स्टेशनकडून त्याचा जबाब मागवते. कंट्रोलकडून आदेशाची वेळ मागवते. दोन्ही आले की निर्णय."

"मॅडम, मला ते कारण बदलून हवंय. पैशांचं काही नाही."

मॅडम हसल्या. "असं सगळेच म्हणतात हो पहिल्यांदा. पैसे मिळाल्यावर कोणी कारण विचारायला येत नाही."

त्याने मुलीचं सांगितलं. भेटीची खोली, तीन वेळा, पुढची तारीख. भराभर सांगितलं, मध्ये आधीच्या दोन वेळाही सांगितल्या. मॅडमनी चष्मा काढून दोरीवर सोडला. बाजूच्या टेबलावरचा माणूस टाचण्या वेचायचा थांबला.

"माझ्याकडून होईल तेवढं करते," मॅडम म्हणाल्या. "तारखेच्या आत करून देते. शब्द देते."

तो उठला. दारापाशी थांबून म्हणाला, "तुमच्या लिफ्टचा खटका गेलाय. सांगा कोणाला तरी."

"चार वर्षं झाली सांगून."

खिडकी

जबाब आला असेल का, हे कळायला त्याने पंधरा दिवस वाट पाहिली आणि मग राहवेना म्हणून खिडकीवर गेला. दुपारची वेळ, रांग नव्हती. क्लार्कने त्याला ओळखलं. ओळखल्याबरोबर त्याचा हात माइकच्या बटणाकडे गेला आणि माइक बंद झाला. आता दोघांना भोकाला तोंड लावून बोलावं लागत होतं.

"जबाब मागितला होता तुमच्याकडे."

"दिला."

"काय लिहिलंत?"

"जे लिहायचं असतं ते. प्रवाशाने स्वतः तिकीट रद्द केले. त्यावेळी गाडी रद्द झाल्याची मला माहिती नव्हती."

"अहो, तुम्हीच म्हणालात! शहाणा असशील तर!"

"हळू बोल."

"माइक तर बंद केलात."

क्लार्कने मागे पाहिलं. मागे एक कपाट आणि एक बंद पंखा होता. "ऐक. मी तुझं भलं करायला गेलो. तुला बस गाठायची होती, म्हणून. नाही तर मला काय पडलं होतं?"

"मग तेवढंच लिहा. भलं करायला गेलो म्हणून."

"लिहितो. मग काय होईल सांगू? मला माहीत होतं तरी मी थांबवलं नाही, म्हणजे चूक माझी. वसुली माझ्या पगारातून. ती भरेन मी, तेवढ्याने मरत नाही. पण त्या दिवशी तू एकटा होतास का? घोषणा व्हायच्या आधी जो जो आला त्याला मी हेच सांगितलं. एकाचं कबूल केलं की सगळ्यांचं कबूल. चौकशी बसेल. मला दीड वर्ष राहिलंय. पेन्शन लटकवून ठेवतील."

"माझी मुलगी आहे हो."

"माझ्याही घरी माणसं आहेत."

भोक कपाळाच्या उंचीवर होतं, त्यामुळे लिफ्टवाल्याला मान वर करून आणि क्लार्कला अर्धवट उठून बोलावं लागत होतं, आणि दोघांचीही मान दुखायला लागली होती.

"माझी तक्रार कर," क्लार्क शेवटी म्हणाला. "माझ्या नावाने. त्या दिवशी तुझ्या मागे दोघं होते, ते शोधून आण. मग मला खोटं बोलता येणार नाही. कर. मी राग धरणार नाही."

"ते कुठे सापडणार?"

"तेच म्हणतोय."

मागे एक माणूस येऊन उभा राहिला. क्लार्कने माइक चालू केला. "बोला, कुठे जायचंय?" सगळ्या हॉलमध्ये आवाज घुमला.

तक्रार, जी केली नाही

पहिला मसुदा: *खिडकीवरील कर्मचाऱ्यांनी खोटा जबाब दिला आहे.*

दुसरा मसुदा: *कर्मचाऱ्यांनी दिलेला जबाब वस्तुस्थितीला धरून नाही.*

तिसरा मसुदा: *कर्मचारी सज्जन आहेत परंतु*

इथे ताईने पेन काढून घेतलं. "सज्जन लिहितोस आणि तक्रार करतोस. एक काहीतरी कर."

वकीलबाई फोनवर म्हणाल्या, तक्रार केली तर चौकशी सुरू होईल आणि चौकशी संपेपर्यंत दावा लटकेल. तारीख दहा दिवसांवर आहे. तुम्ही ठरवा.

त्याने ठरवलं की मॅडमनी शब्द दिलाय.

आदेश

तारखेच्या चार दिवस आधी आदेश आला. मॅडमनी शब्द पाळला होता. पैसेही खात्यात आले होते, कापलेली रक्कम पूर्ण.

ताईने पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचलं, शाळेत परिपत्रक वाचायची तसं. *अर्जदाराने गाडी रद्द होण्यापूर्वी स्वेच्छेने तिकीट रद्द केल्याचे अभिलेखावरून व संबंधित कर्मचाऱ्याच्या जबाबावरून दिसून येते. नियमानुसार दावा अनुज्ञेय नाही. तथापि, सदर गाडी त्यानंतर रद्द झाली असल्याने, अर्जदाराच्या विनंतीस अनुसरून, सहानुभूतीपूर्वक विचार करून, विशेष बाब म्हणून...*

ती थांबली.

"पुढे वाच."

"पुढे रक्कम आहे."

"मागचं वाच परत."

"स्वेच्छेने," ताईने वाचलं. मग कागद घडी घालून पाकिटात ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. "मीच लिहिलं होतं ना ते? विशेष बाब."

"सगळेच लिहितात."

"मीच लिहिलं."

ताई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

फोन

"मिळाले ना पैसे?" मॅडमच्या आवाजात खरा आनंद होता. "पूर्ण दिले हो. वरच्या साहेबांकडे मी स्वतः घेऊन गेले फाईल."

"मॅडम, त्यात लिहिलंय की मी स्वेच्छेने..."

"ते तसंच लिहावं लागतं. तुमच्या बाजूने निकाल द्यायचा तर जबाब खोटा ठरवावा लागला असता. त्याला महिने लागले असते, आणि तो बिचारा गेला असता. तुम्ही विशेष बाब म्हणून मागितलंत, मग मला वाट मिळाली. विशेष बाबीत कोण खरं, कोण खोटं हे ठरवावंच लागत नाही. कोणाचंच नुकसान नाही."

"मला कारण हवं होतं."

पलीकडे पंख्याचा आवाज.

"मी तुम्हाला सांगितलं होतं मुलीचं."

"हो," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर एवढं धावले. तारखेच्या आत."

"आता कारण बदलता येईल? वर अपील करता येईल?"

"अपील कशाचं करणार? दावा पैशांचा असतो. पैसे पूर्ण मिळाले की दावा संपला. आता तुमचं आणि रेल्वेचं काही भांडणच उरलं नाही." त्या थांबल्या. "थांबा, मी तुम्हाला एक दाखला देते, त्या दिवशी ती गाडी रद्द झाली होती असा. आजच देते."

"ते त्यांना मान्यच आहे, मॅडम."

"काय मान्य आहे?"

"गाडी रद्द झाली ते. मी जाणार होतो, ते मान्य नाही."

मॅडमनी काहीतरी म्हटलं, पण मागे कोणीतरी त्यांना हाक मारत होतं.

तारीख

दाव्याचं वकीलबाईंनी कोर्टाला आधीच लेखी कळवून ठेवलं होतं, त्यामुळे आदेश दाखवणं भाग पडलं. समोरच्या वकिलाने तो हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरला आणि फक्त एक शब्द वाचून दाखवला. आवाज चढवला नाही. चढवायची गरज नव्हती.

वकीलबाई बऱ्याच बोलल्या. बसस्टँडबद्दल बोलल्या, तेव्हा न्यायाधीशांनी विचारलं, बसचं तिकीट आहे का. बस मिळालीच नाही, मग तिकीट कुठलं. खिडकीवरच्या बोलण्याबद्दल सांगितलं, तेव्हा न्यायाधीशांनी जबाबाची ओळ बोट ठेवून दाखवली.

लिफ्टवाल्याला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय?

तो उभा राहिला. त्याला सांगायचं होतं की रेल्वेने एक आख्खी गाडी मागे घेतली तेव्हा रेल्वेला कोणी विचारलं नाही, तुझी इच्छा होती का. पण हे तो घरून ठरवून आला नव्हता, तिथेच सुचलं होतं, आणि तिथे सुचलेलं तोंडाशी येईपर्यंत विरून गेलं.

"मी बूट घेतले होते," तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही, साहेब."

मुलीची आई दुसऱ्या बाकावर बसली होती. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. दमलेल्या माणसाने घड्याळाकडे पाहावं तसं पाहिलं आणि ती पर्सचा बंद लावत बसली.

भेटी थांबवण्यात आल्या. समुपदेशकांचा अहवाल आल्यावर, सहा महिन्यांनी, पुन्हा विचार होईल. तोवर महिन्यातून एक पत्र लिहिता येईल, समुपदेशकांच्या मार्फत, उघडं.

बाहेर वकीलबाई म्हणाल्या, "सहा महिने जातात हो. बघता बघता."

"पाय वाढतो," तो म्हणाला.

त्यांना ते कळलं नाही. त्या पुढच्या खटल्याला आत गेल्या.

पहिलं पत्र

*बाळा, मी*

*बाळा, त्या दिवशी गाडी*

*बाळा, कशी आहेस? आमच्याकडे सगळे ठीक. आत्याने तुला आशीर्वाद सांगितलाय. मी काल एका उंच बिल्डिंगची लिफ्ट नीट केली. तिच्यात आरसा आहे. तुझा, बाबा.*

समुपदेशकांनी ते वाचलं, कोपऱ्यात सही केली आणि पुढे पाठवलं.

*

तिसऱ्या वेळेच्या त्या शुक्रवारी संध्याकाळी मुलीने आईच्या फोनवर बाबाच्या गाडीचा नंबर टाकून पाहिला होता. नंबर तिला पाठ होता. फोनवर लाल अक्षरांत 'रद्द' असं आलं. तिने फोन आईला परत दिला आणि ती दात घासायला गेली.